टाळ्यांच्या मधले शब्द कोणाचे?

"मी ५८ वर्षांची आहे. मुलुंडला आमची ४२ फ्लॅटची सोसायटी आहे आणि गेली तीन वर्षं मी तिची सेक्रेटरी आहे. मागच्या आठवड्यात पाचव्या मजल्यावरच्या एका तरुण सभासदाने बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'टाकी 👏 कधी 👏 साफ 👏 होणार 👏 तारीख 👏 सांगा'. याआधी त्याने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी 'कमिटी लक्ष घालत आहे, सर्वांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती' असं कळवलं होतं. एवढ्या टाळ्या पाहून मला वाटलं, आमच्या कामाचं कौतुक करत आठवण देतोय. मी उत्तर दिलं, 'प्रोत्साहनाबद्दल आभारी आहे 🙏'. त्यावर हसणारे चेहरे पडले. मग दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी टाकलं, 'सर्वांनी 👏 सहकार्य 👏 करावे 👏 ही 👏 नम्र 👏 विनंती'. रात्री मुलगा म्हणाला, 'आई, हे कौतुक नाही, तुला झापलंय.' तेव्हापासून जिन्यात कोणी भेटलं की मान खाली जाते. एक पैसा न घेता काम करायचं आणि वर हे ऐकायचं? दोघांना ग्रुपमधून काढू, की राजीनामा देऊ?"
— एक सेक्रेटरी, मुलुंड

ताई, तुमच्या त्या आभाराच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तीच बोचते आहे असं पत्र वाचताना जाणवलं.

आपल्याकडे टाळी आनंदाची आणि कौतुकाची. आरतीला टाळ्या, गॅदरिंगला टाळ्या, केक कापला की टाळ्या. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता सगळी मुंबई गॅलरीत आणि खिडकीत उभी राहून डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवत होती, तुमची बिल्डिंगही त्यात असेल. ग्रुपवर कोणाच्या नातीचा दहावीचा निकाल आला की खाली तेच दोन हात ओळीने येतात. फोनमध्ये या चित्राचं अधिकृत नावही साधं 'टाळ्या वाजवणारे हात' अशाच अर्थाचं आहे. २०१० मध्ये ते युनिकोडच्या यादीत आलं तेव्हा त्याला रागाचा किंवा टोमण्याचा अर्थ कोणी जोडलेला नव्हता. तेव्हा तुम्ही जे वाचलंत ते आपल्या सवयीप्रमाणे बरोबर वाचलंत. ती ओळ आता डिलीट करू नका आणि तिच्याबद्दल खुलासाही देऊ नका.

तुमच्या नजरेतून सुटलं ते एवढंच, की हात तेच होते पण त्यांची जागा वेगळी होती. 'टाकी साफ झाली 👏👏👏' इथे टाळ्या वाक्य संपल्यावर आल्या आहेत आणि त्या झालेल्या कामासाठी आहेत. 'टाकी 👏 कधी 👏 साफ 👏 होणार' इथे त्या शब्दांच्या मधे आल्या आहेत. मधे आलेली टाळी कामासाठी नसते. ती शब्द ठोकून बसवायला असते.

हा ठोका आला कुठून, ते सांगितलं तर तुमचा अर्धा राग निवळेल असं मला वाटतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या बोलण्यात ही लकब आधीपासून आहे. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगूनही समोरचा ऐकत नसेल, तर प्रत्येक शब्दाला, कधी प्रत्येक अक्षराला, दोन्ही हातांनी टाळी देत ते वाक्य म्हणायचं. रॉबिन थीड या विनोदी कलाकार बाईंनी २०१६ मध्ये तिथल्या एका टीव्ही कार्यक्रमात, कृष्णवर्णीय बायका हातांनी काय काय बोलतात हे समजावून सांगितलं होतं, त्यात ही टाळीही होती. ट्विटरवर लिहिताना हात दिसत नाहीत, म्हणून त्या हातांच्या जागी हे चित्र आलं. तिथून ते सगळ्यांनीच उचललं आणि उचलता उचलता मूळ बायका मागे पडल्या. बोलताना हाताने धरलेल्या अशा ठेक्याला भाषाशास्त्रात वेगळं नाव आहे, 'बीट जेश्चर'. ग्रेचन मॅकलॉक आणि लॉरेन गॉन या दोन भाषाअभ्यासक बायकांनी इमोजी हे शब्दांपेक्षा हातवाऱ्यांसारखे चालतात असं मांडलं आहे, आणि हे टाळीचं चित्र त्याचं अगदी सरळ उदाहरण आहे. हाताच्या ठेक्याला स्वतःचा अर्थ नसतो. तो शब्दांना वजन देतो, आणि वजन प्रेमाचं, काळजीचं की रागाचं हे शब्दांवर ठरतं.

आपल्याला हा ठेका परका नाही. शाळेत आम्हाला गणिताला एक बाई होत्या. त्या टेबलावर डस्टर आपटत एकेक शब्द सोडायच्या: उद्या — ठक — सगळ्यांनी — ठक — वही — ठक — आणायची. प्रत्येक आपटण्याबरोबर खडूची बारीक भुकटी उडायची आणि पहिल्या बाकावरच्या मुलींच्या निळ्या फ्रॉकवर बसायची. आम्ही घाबरायचो, पण आपला अपमान झाला असं एकीलाही कधी वाटलं नाही. बाईंना एवढंच म्हणायचं असायचं की हे मी काल सांगितलं, परवाही सांगितलं, आता तरी डोक्यात शिरू द्या.

मात्र बाई समोर होत्या, त्यांचा चेहरा दिसत होता, आणि पुढच्या मिनिटाला त्या हसायच्याही. ग्रुपवर चेहरा जातो आणि फक्त ठकठक उरते. म्हणून तीच गोष्ट तिथे जास्त लागते.

मराठीत तर ती आणखी लागते, आणि याचा विचार लिहिणारे करत नाहीत. इंग्रजीत हुकमाचं वाक्य क्रियापदाने सुरू होतं. 'थांबा' किंवा 'करा' हा शब्द पहिल्याच टाळीबरोबर येतो आणि काय म्हणायचं आहे ते लगेच कळतं. आपलं क्रियापद शेवटी. तुमच्या ग्रुपवरच्या त्या ओळीत 'सांगा'पर्यंत पोहोचायला पाच टाळ्या खाव्या लागतात. तोपर्यंत वाचणाऱ्याला हे कौतुक आहे की तक्रार, याचा पत्ता नसतो. शिवाय कोणत्या शब्दावर जोर आहे हेही कळत नाही, कारण ठोका सगळ्यांवर सारखाच. जोर द्यायला आपल्याकडे 'च' आहे. 'तारीखच सांगा' म्हटलं की बाकी सगळं राहू दे, मला तारीख हवी आहे, हे एका अक्षरात कळतं. तेच 'आता तरी तारीख सांगा' म्हटलं की मागच्या दोन वेळा विचारलेलंही त्यात येतं. त्या मुलाने असं काही लिहिलं असतं तर तुमचा गैरसमज झालाच नसता. त्याच्यापुरता हा दोष मी त्याच्या पदरात घालते.

पण ताई, आता दोन्ही मेसेज शेजारी शेजारी ठेवून पाहा. तुम्ही दोघांना एकाच शिक्षेला उभं केलं आहे आणि ते मला पटत नाही. टाळ्या दोन्हीकडे पाच-पाचच आहेत, पण टाळ्यांच्या मधले शब्द कोणाचे आहेत?

पाचव्या मजल्यावरच्या मुलाने स्वतःचे शब्द लिहिले आहेत. त्याला टाकी साफ व्हायला हवी आहे, त्याला तारीख हवी आहे. त्यात तुमचं नाव नाही, तुमच्या वयाबद्दल किंवा तुमच्या कामाबद्दल काही नाही. दोनदा विचारून झालेल्या माणसाचा हा ठोका आहे. तुमचा मुलगा म्हणाला तसं हे झापणंच आहे, ते मी सौम्य करून सांगणार नाही. पण झापणारा माणूस अजून उत्तराची वाट पाहत असतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी स्वतःचा एकही शब्द लिहिलेला नाही. त्यांनी तुमचं वाक्य उचललं आणि त्याच्यात टाळ्या पेरल्या. दुसऱ्याचे शब्द त्याच्याच आवाजात, थोडे लांबवून, सगळ्यांसमोर म्हणून दाखवणं याला आपण नक्कल म्हणतो. तिथे काही मागणं नाही, उत्तर द्यायलाही काही नाही. ही चेष्टा आहे आणि ती तुम्हाला लागली यात तुमचं काहीच चुकलं नाही.

ही खूण बहुतेक वेळा खरी ठरते, म्हणून ज्या कोणाला असा मेसेज आला आहे त्यांनी आधी एवढंच पाहावं. शब्द पाठवणाऱ्याचे असतील तर तो काहीतरी ठासून सांगतो आहे. शब्द तुमचे असतील, किंवा 'आम्ही पण आमच्या काळी' यासारखे कोणाच्या तरी तोंडचे ठेवणीतले असतील, तर ती खिल्ली आहे. फसायला होतं ते तिसऱ्याच ठिकाणी. मैत्रिणी एकमेकींना 'तू 👏 जेवून 👏 घे 👏 आधी' असं लिहितात. वाक्य दटावणीचं, पण आतून माया. तिथे ठोका कसा घ्यायचा हे नातं सांगतं. सोसायटीच्या ग्रुपवर ते नातं नसतं, म्हणून तिथे तो कोरडाच ऐकू येतो.

आता हसणाऱ्या चेहऱ्यांचं. 'सगळी बिल्डिंग हसली' असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण जिन्यात मान खाली घालून चालता आहात म्हणजे मनात तेच धरलं आहे. ग्रुप उघडा आणि त्या चेहऱ्यावर बोट ठेवा. कोणी कोणी हसलं त्यांची नावं येतील. ती मोजा. ४२ घरांच्या ग्रुपमध्ये चार-पाच नावं निघाली, तर बाकीच्यांनी एक तर पाहिलं नाही, किंवा पाहून गप्प राहिले. हेही पाहा की चेहरे तुमच्या आभाराच्या ओळीवर आहेत की नंतरच्या नकलेवर. आभाराच्या ओळीवर हसणाऱ्यांना त्या घोटाळ्याची गंमत वाटली असेल. घरात आजी चुकून भलताच इमोजी पाठवते तेव्हा नातवंडं हसतात, त्यातलं. नकलेवर जो हसला तो नकलेत सामील झाला.

एक प्रश्न जरा जपून विचारते. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी नकलेला नेमकं तेच वाक्य का निवडलं? तुमच्या पत्राप्रमाणे ते ग्रुपवर दोनदा गेलं आहे, दोन्ही वेळा विचारल्यावर तेच उत्तर म्हणून. 'कमिटी लक्ष घालत आहे' यात तुम्ही खरंच लक्ष घातलं असणार. टाकी साफ करणाऱ्यांना फोन केले असतील, दर विचारले असतील, पाणी कधी बंद ठेवायचं याचा हिशोब केला असेल. हे सगळं तुमच्या वहीत राहिलं आणि ग्रुपवर आलं फक्त 'सहकार्य' आणि 'नम्र विनंती'. सरकारी पत्रात ही भाषा चालते. पण उद्या सकाळी नळाला स्वच्छ पाणी येईल का, हे विचारणाऱ्या माणसाला त्यात काहीच सापडत नाही. तिसऱ्यांदा विचारताना त्याचे हात आपोआप वर गेले. यावरून नकलेचं समर्थन होत नाही. पहिल्या मेसेजचं कारण मात्र कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की ग्रुपमधून कोणालाही काढू नका. सभासद घराचा मालक आहे, पाण्याबद्दल विचारायचा त्याला हक्क आहे, आणि टाळ्या वाजवल्या म्हणून बाहेर काढलं तर पुढच्या सर्वसाधारण सभेत टाकी बाजूला राहील आणि चर्चा त्याचीच होईल. राजीनाम्याचंही आत्ता नको. काम झेपत नसेल तर जरूर द्या, पण पाच टाळ्या हे त्याचं कारण होऊ देऊ नका. आणि एक मोह टाळा: उलट टाळ्या पेरून उत्तर देण्याचा. तुमचा मुलगा कदाचित तसं लिहून द्यायला तयार असेल. सेक्रेटरीने तसं लिहिलं की त्यात अधिकाराचं वजन मिसळतं आणि मग ते खरोखरच झापणं होतं, ४२ घरांना.

ग्रुपवर एकच मेसेज जाऊ दे, त्या मुलाच्या प्रश्नाला. समजा रविवार ठरतो आहे, तर साधारण असं: 'टाकी येत्या रविवारी साफ होईल. सकाळी ९ ते दुपारी २ पाणी बंद राहील. आदल्या रात्री भरून ठेवा. काही कारणाने रविवार हुकला तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवते.' तारीख अजून ठरलीच नसेल तर तेही खरं सांगा: 'दोघांकडून दर मागवले आहेत, एकाचे आले, दुसऱ्याचे गुरुवारपर्यंत येतील. शुक्रवारी तारीख टाकते.' आणि शुक्रवारी टाका, नाहीतर पुढच्या टाळ्या खऱ्या अर्थाने तुमच्या होतील. या मेसेजमध्ये मागच्या प्रकाराचा उल्लेख नको. 'काही सभासदांच्या भाषेबद्दल खेद वाटतो' असलं शेपूटही नको.

दुसऱ्या मजल्यावरच्यांशी ग्रुपवर बोलू नका. तिथे ज्यांना गंमत हवी आहे ते पाहायला बसतील. फोन करा किंवा संध्याकाळी दारातच दोन मिनिटं बोला. मोठं भाषण तयार करू नका. 'माझ्या वाक्याची ग्रुपवर नक्कल केलीत ती मला लागली. माझं उत्तर पटलं नसेल तर मला सरळ सांगत जा' एवढं पुरे. ते म्हणतील, 'अहो, गंमत होती.' बहुतेक लोक हेच म्हणतात आणि बऱ्याचदा त्यांच्यापुरतं ते खरंही असतं. तुम्ही म्हणा, 'असेल, पण मला लागली.' आणि तिथे थांबा. माफी मागून घ्यायच्या मागे लागू नका. त्यानंतरही कोणी नक्कल केली, तुमची किंवा आणखी कोणाची, तर तो विषय कमिटीच्या बैठकीत घ्या आणि ग्रुपसाठी एक ओळीचा नियम करून घ्या: दुसऱ्याच्या वाक्याची चेष्टा इथे करायची नाही. टाळ्यांच्या चित्रावर बंदी घालू नका. बिचाऱ्या दहावीच्या मुलांनी काय केलं आहे?

शब्दांच्या मधल्या टाळ्या ग्रुपवर नकोत याला मात्र एक वेगळं, अगदी व्यवहारी कारण आहे, आणि ते हे सदर वाचणाऱ्या तरुणांसाठी लिहिते. ज्यांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं, ते फोनला मेसेज वाचून दाखवायला लावतात. तो फोन चित्रसुद्धा नावाने वाचतो. सहा शब्दांची तुमची ओळ त्यांना अशी ऐकू येते: टाकी, टाळ्या वाजवणारे हात, कधी, टाळ्या वाजवणारे हात, साफ, टाळ्या वाजवणारे हात... हातांसाठी त्वचेचा रंग निवडला असेल, आणि २०१५ पासून तो निवडता येतो, तर फोन बहुतेक वेळा प्रत्येक वेळी तो रंगही सांगतो. एकदा स्वतःच्या फोनवर ही सोय चालू करून आपलाच मेसेज ऐकून पाहा. 'तारीख' हा शब्द येईपर्यंत वाक्य कुठून सुरू झालं होतं ते विसरायला होतं. टाळी वाजवायचीच असेल तर शेवटी एकदा वाजवा, म्हणजे वाक्य सलग ऐकू येईल.

ताई, यातलं पहिलं काम आज संध्याकाळीच करा. ग्रुपवर लिहिण्याआधी पाचव्या मजल्यावर फोन लावा आणि त्या मुलाला सांगा की तारीख ठरते आहे, आणि त्या दिवशी गच्चीवर टाकीपाशी उभं राहायला कोणीतरी हवं आहे, तू येशील का. टाकीत उतरणाऱ्यांनी तळाचा गाळ पूर्ण काढला की वरवर पाणी मारून झाकण लावलं, हे पाहायला दुसरा माणूस लागतोच, आणि तुमचे गुडघे लोखंडी शिडी चढायच्या मनःस्थितीत नसतील. त्याला टाकीची काळजी आहे, हे त्याने तीनदा सांगितलं आहे.